आभाळ गच्च, बॅटरी रिकामी : जनरेटर जोडा, पण हिशेबाने



आपला जिल्हा पर्जन्यछायेचा. जुलै-ऑगस्टात सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आणि शेवगाव, पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे नुसते आभाळ येते. आठ-आठ दिवस ऊन नाही आणि थेंबही नाही. पिकाला पाणी मिळत नाही ते मिळत नाहीच, वर छपरावरच्या सोलरच्या पाट्याही उपाशी राहतात. मग परतीचा पाऊस. २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यात तो असा आला की कपाशी पाण्यात उभी राहिली. अशा झडीत खांब आडवे होतात, डीपी जळते आणि लाईन कधी येईल हे कोणीच सांगत नाही. म्हणजे ऊनही नाही आणि लाईनही नाही. वस्तीवरच्या माणसाने खर्च करून हायब्रीड इन्व्हर्टर बसवलेला असतो तो नेमका याच दिवसांसाठी, आणि नेमक्या याच दिवसांत त्याची बॅटरी दुसऱ्या रात्री माना टाकते.

दुकानदाराकडे गेले की उत्तर तयार असते : बॅटऱ्या वाढवा. माझे मत स्पष्ट आहे. बॅटऱ्या वाढवू नका. वर्षातल्या त्या दहा-बारा दिवसांसाठी लहान जनरेटर घ्या, किंवा विहिरीवर गंजत पडलेले जुने इंजिन कामाला लावा. मात्र जनरेटरची वायर इन्व्हर्टरला खुपसली आणि काम झाले, असे हे प्रकरण नाही. जोडणी चुकली तर पेट्रोल जाते, यंत्र जाते, आणि एखादे वेळी खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जातो.

आधी एक गोंधळ दूर करतो. सरकारी योजनेतून मिळालेला सौर पंप ही वेगळी गोष्ट आहे. त्याला बॅटरी नसते. पाट्यांची वीज पेटीतून सरळ मोटरीला जाते. त्या पेटीला जनरेटर जोडायला जाऊ नका. इथे बोलतो आहे ते घरातल्या हायब्रीड इन्व्हर्टरबद्दल, ज्याला एका बाजूने पाट्या, एका बाजूने बॅटरी आणि एका बाजूने लाईन अशा तीन वाटा असतात. जनरेटर येतो तो या तिसऱ्या वाटेने. काही नव्या यंत्रांना जनरेटरसाठी वेगळे टोक दिलेले असते. ते असेल तर तेच वापरावे.

आता हिशेब. एक वस्ती धरू. पाच केव्हीएचा इन्व्हर्टर, तीन किलोवॉटच्या पाट्या, १५० अँपिअर-अवरच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या, म्हणजे ४८ व्होल्ट. या चार बॅटऱ्यांत कागदावर सव्वासात युनिट मावतात. पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचे आयुष्य कमी होते, म्हणून वापरायला मिळतात साडेतीन. घरात फ्रिज, रात्री तीन पंखे, दिवे, टीव्ही, मोबाईल. दिवसाला चार युनिट धरा. त्यात एक न दिसणारा खाणारा असतो, तो म्हणजे इन्व्हर्टर स्वतः. एवढे यंत्र नुसते चालू ठेवायला सुमारे ५० वॉट लागतात, म्हणजे चोवीस तासांत एक युनिट त्याचेच. एकूण पाच.

उघडीप असेल तर पाट्या दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतात आणि कोणाला कशाची फिकीर नसते. आभाळ गच्च असले की त्याच पाट्या दोन-अडीच युनिटवर येतात. रोजची तूट अडीच युनिट. भरलेल्या बॅटरीतले साडेतीन युनिट दीड दिवसात संपतात. आता बॅटऱ्या दुप्पट केल्या असत्या तर काय झाले असते? दीड दिवसाच्या जागी तीन दिवस. चौथ्या दिवशी आठही बॅटऱ्या रिकाम्या, आणि भरायला तेच अडीच युनिट. मोठी कणगी आणल्याने ज्वारी वाढत नाही. बाजारात चार बॅटऱ्यांना आज पन्नास-साठ हजार रुपये पडतात, आणि वापरल्या किंवा न वापरल्या तरी पाच-सहा वर्षांत त्या भंगारात जातात.

जनरेटरचा हिशेब असा. बॅटरीतून अडीच युनिट मिळवायचे तर जनरेटरने साडेतीन द्यावे लागतात, कारण भरताना चार्जरमध्ये थोडे जाते आणि बॅटरीत थोडे जाते. दोन केव्हीएच्या पेट्रोल जनरेटरला यासाठी तीन तास लागतील आणि अडीच लिटरच्या आसपास पेट्रोल जाईल. लिटरला १०५ रुपये धरले तर दिवसाचे अडीचशेच्या वर. म्हणजे हे एक युनिट शंभर रुपयांचे झाले! लाईनचे युनिट याच्यापुढे काहीच नाही. महाग आहे, फार महाग आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण वर्षातले असे दिवस दहा. खर्च अडीच-पावणेतीन हजार. जनरेटरची किंमत धरली तरी तो साठ हजारांच्या बॅटऱ्यांच्या पुढे स्वस्तच पडतो, आणि झड आठ दिवस चालली तरी आठव्या दिवशीही तो बॅटरी भरतो. युनिट शंभराचे आहे हे ध्यानात राहिले म्हणजे त्या दिवसांत टीव्ही आपोआप कमी लागतो.

हे सगळे कागदावर. प्रत्यक्षात जनरेटर जोडला की पहिल्याच दिवशी काय होते ते ऐका. दोर ओढला, जनरेटर चालू झाला, इन्व्हर्टरने पाच-दहा सेकंद विचार केला आणि टक् करून वीज घेतली. घेताक्षणी जनरेटरचा आवाज बसला, दिवे मंदावले, पुन्हा टक्, इन्व्हर्टरने वीज सोडली. ओझे सुटताच जनरेटर ओरडायला लागला. पुन्हा दहा सेकंद, पुन्हा टक्. असे तासभर चालते. लोक म्हणतात जनरेटर खराब, जनरेटरवाला म्हणतो इन्व्हर्टर खराब. बहुतेक वेळा दोन्ही चांगले असतात.

कारण साधे आहे. हायब्रीड इन्व्हर्टरला बाहेरची वीज मिळाली की तो दोन कामे एकदम करतो. बॅटरी भरायला लागतो, आणि घराचे सगळे ओझे बॅटरीवरून काढून त्या बाहेरच्या विजेवर टाकतो. लाईन असेल तर हे ठीक, लाईन हत्तीसारखी. जनरेटर म्हणजे शिंगरू. बऱ्याच यंत्रांत लाईनवरून बॅटरी भरण्याची मर्यादा कारखान्यातून ३० अँपिअरवर लावून येते. ४८ व्होल्टच्या बॅटरीला भरताना ५७ व्होल्ट लागतात. तीस गुणिले सत्तावन्न म्हणजे सतराशे वॉट, त्यात चार्जरची गळती धरून एकोणीसशे. वर घराचे तीनशे-चारशे. दोन केव्हीएचा जनरेटर सतत दीड-पावणेदोन किलोवॉटच्या पुढे ओढत नाही. खोक्यावरचा मोठा आकडा हा थोडा वेळ ओढण्याचा असतो. त्यात कोणी कडबा कुट्टीचे बटण दाबले तर खेळ खलास, कारण दोन हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना चालत्या विजेच्या पाच-सहा पट वीज क्षणभर मागते.

उपाय इन्व्हर्टरच्याच पडद्यावर आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. बाजारात सर्वात जास्त खपणाऱ्या तऱ्हेच्या यंत्रांत लाईनवरून भरण्याची मर्यादा 11 क्रमांकाच्या खान्यात असते. कंपनीनुसार क्रमांक बदलतो, म्हणून पुस्तिका उघडून पाहावी किंवा बसवणाऱ्याला पुढ्यात बसवून विचारावे. तिथे ३० च्या जागी २० करावे. वीस अँपिअरला जनरेटरवर तेराशे वॉटच्या आत ओझे पडते, दिवे-पंखे धरून पंधराशेच्या आसपास. दोन केव्हीएचे यंत्र ते न कण्हता ओढते. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीलाही वीस अँपिअर मानवतात. त्याहून जोरात भरली की ती तापते आणि पाणी उडवते. जनरेटर एक केव्हीएचाच असेल तर १० वर ठेवा, तासभर जास्त लागेल इतकेच म्हणून फसू नका. वेळ दुप्पट लागेल. म्हणून तीन तासांत काम उरकायचे तर दोन केव्हीएच्या खाली जाण्यात मला शहाणपण दिसत नाही.

दुसरा खाना 03 क्रमांकाचा. त्यात दोन शब्द दिसतात, UPS आणि APL. UPS वर यंत्र नखरेल असते, व्होल्टेज १७० च्या खाली गेले की वीज नाकारते. APL वर ते ९० पर्यंत चालवून घेते. लहान जनरेटरचे व्होल्टेज ओझे पडताना क्षणभर खाली जाते, तेवढ्याने इन्व्हर्टरने हात झटकू नये म्हणून APL लावायचे. पण इथे एक धोका आहे आणि तो मेकॅनिक सांगत नाहीत. जनरेटर चालू असताना घराला मिळते ती जनरेटरचीच वीज, जशीच्या तशी. इन्व्हर्टर ती गाळून-स्वच्छ करून देतो हा समज खोटा. APL लावले आणि जनरेटर दीडशे व्होल्टवर रडत असला, तर फ्रिजचा कॉम्प्रेसरही त्या दीडशेवरच रडेल आणि जळेल. म्हणून बॅटरी भरत असताना पडद्यावर येणाऱ्या विजेचे व्होल्टेज बघायचे. ते २१० ते २४० मध्ये स्थिर पाहिजे. त्याखाली असेल तर भरण्याची मर्यादा आणखी कमी करायची. आणि पडद्यावर काही दिसो, जनरेटर चालू असेपर्यंत फ्रिजचा प्लग काढून ठेवलेला बरा. तीन तासांत दूध नासत नाही.

आता वेळ कोणती? पुष्कळ वस्त्यांवर संध्याकाळी अंधार पडल्यावर जनरेटर ओढतात, कारण तेव्हा आठवण होते. हे उलटे आहे. जनरेटर पहाटे-सकाळी लावावा, पाच-सहाच्या सुमारास, धारा काढण्याच्या वेळेला. रात्रभराच्या वापराने बॅटरी तेव्हा सर्वात रिकामी असते, आणि रिकामी बॅटरी ढोराने पाणी प्यावे तशी वीज पिते. पूर्ण वीस अँपिअर घेते. भरत आली की तिची ओढ कमी होते. पडद्यावर व्होल्टेज ५७ च्या आसपास जाऊन थांबते आणि अँपिअर वीसावरून पंधरा, दहा, सहा असे उतरू लागतात. त्या घडीला जनरेटर बंद करायचा. शेवटच्या पाचव्या हिश्शासाठी तोच जनरेटर आणखी तीन-चार तास चालवावा लागतो आणि पेट्रोल मात्र जवळपास तेवढेच पितो. ते शेवटचे काम ढगाआडच्या उन्हाला करू द्या. दिवसभरात मिळणारे दोन-अडीच युनिट त्यालाच लागतात. संध्याकाळी जनरेटर लावणारा माणूस पेट्रोलने बॅटरी गळ्यापर्यंत भरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या फुकटच्या उन्हाला जागाच ठेवत नाही. झड संपल्यावर मात्र लाईन किंवा कडक ऊन मिळताच बॅटरी एकदा काठोकाठ भरू द्यावी. महिनोन्‌महिने अर्धवट राहिली तर तिच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसतो आणि तो निघत नाही. लिथियमची बॅटरी असेल त्याला ही शेवटची कुरकुर फारशी नसते, ती जवळजवळ अखेरपर्यंत सारखी ओढते. पण तिला जोरात भरायच्या नादात लोक मर्यादा ६० वर नेऊन ठेवतात आणि जनरेटरचा जीव घेतात.

पेट्रोल परवडत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी जुन्या इंजिनाची गोष्ट. विहिरीवर वीज यायच्या आधी आपल्याकडे पाच हॉर्सपॉवरची ऑईल इंजिने होती. कित्येक वस्त्यांवर ती आजही गोठ्यामागे पडून आहेत. मिनिटाला ६५० फेरे मारणारे हळू इंजिन, दोन मोठी चाके. त्याला पट्ट्यावर तीन केव्हीएचा अल्टरनेटर बसवता येतो. अल्टरनेटरला १५०० फेरे लागतात, तेव्हा कुठे ५० सायकलची वीज निघते. म्हणजे इंजिनाची पुली १४ इंची आणि अल्टरनेटरची ६ इंची ठेवली की जमते. ओझे पडल्यावर फेरे थोडे उतरतात, म्हणून रिकामे असताना ५१-५२ सायकल दिसतील एवढा वेग बांधावा. पट्टा ढिला असला तर तो घसरतो आणि व्होल्टेज नाचते. अशा जोडीला चांगल्या ओझ्यावर एका युनिटमागे ३५० ते ४०० मिली डिझेल लागते. पेट्रोलच्या लहान यंत्राला याच्या दीडपट तेल लागते आणि ते महागही. इथे पथ्य उलटे आहे : डिझेल इंजिन अर्ध्याहून कमी ओझ्यावर तासन्‌तास चालवू नये. ते थंडच राहते, काळा ओला धूर ओकते आणि काजळी धरते. म्हणून बॅटरी भरायची वेळ आणि कुट्टी करायची वेळ एक करा. आधी कुट्टीची मोटर सुरू करून घ्या, ती इन्व्हर्टरमधून नव्हे, जनरेटरवरून सरळ. ती फिरायला लागली की मग इन्व्हर्टरला वीज द्या.

एक अडचण मात्र येते. एका सिलेंडरच्या हळू इंजिनाचा प्रत्येक धक्का विजेत दिसतो, दिवे उघडझाप करतात. काही इन्व्हर्टर अशी वीज APL वरही घेत नाहीत. तिथे झगडत बसू नका. ४८ व्होल्टचा वेगळा बॅटरी चार्जर घ्या, तो जनरेटरवर लावा आणि त्याची टोके बॅटरीला फ्यूज घालून जोडा. इन्व्हर्टरला जनरेटर दिसतच नाही, घर बॅटरीच्या स्वच्छ विजेवर चालते, फ्रिजही सुखात. मला तर जुन्या इंजिनासाठी हाच मार्ग पहिल्या नंबरचा वाटतो.

आता जिवाची गोष्ट. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटर घरातल्या बोर्डात खुपसणारे हुशार प्रत्येक गावात आहेत. मेन स्विच पाडायला विसरले की ही वीज मीटरमधून उलटी डीपीवर जाते. डीपी २३० चे ११ हजार करते, आणि लाईन बंद आहे म्हणून खांबावर चढलेला वायरमन, तोही बहुधा कोणा शेतकऱ्याचाच पोरगा, तिथे चिकटतो. यावर इलाज एकच, चेंजओव्हर स्विच : एका बाजूला लाईन, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला जनरेटर. दोन पोलचा घ्या, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. त्यातून निघालेली वायर इन्व्हर्टरच्या लाईनच्या टोकाला जाते. ज्यांचा इन्व्हर्टर उरलेली वीज ग्रिडला विकतो, त्यांनी जनरेटर लावण्याआधी ती विक्री पडद्यावरून बंद केलीच पाहिजे, नाहीतर पाट्यांची वीज जनरेटरमध्ये घुसेल आणि दोघांपैकी एकजण जळेल. लहान जनरेटरचा न्यूट्रल बहुधा जमिनीला जोडलेला नसतो. तसाच ठेवला तर घरातला शॉक लागताच पडणारा स्विच पडत नाही. जनरेटरपाशी अर्थिंगचा रॉड ठोकून न्यूट्रल आणि अर्थ तिथे एकत्र करायचे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्या.

आणि पाऊस आहे म्हणून जनरेटर ओसरीत किंवा खोलीत आणू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेले माणूस उठत नाही. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. भाव येईपर्यंत कापूस घरातच थप्पीला असतो. तापलेल्या सायलेन्सरला कापसाचे एक बोंड लागले तर वर्षाची कमाई आणि घर एकाच वेळी जाईल. चार पत्र्यांचे छप्पर वीस-पंचवीस फुटांवर उभारा, भिंती नकोत. धुराचे तोंड घराच्या विरुद्ध बाजूला.

जनरेटर वर्षातले साडेतीनशे दिवस निजून राहणार. टाकीत पेट्रोल तसेच ठेवले तर ते शिळे होते, कार्बोरेटरमध्ये डिंकासारखे चिकटते आणि नेमक्या झडीच्या दिवशी दोर ओढून हात दुखतात. झड संपली की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे. आखाड लागायच्या आधी एकदा ताजे पेट्रोल घालून, चेंजओव्हर फिरवून, वीस अँपिअर पडद्यावर दिसतात का ते अर्धा तास पाहावे.